आधी झोप, मग पेन्सिल

प्रश्न: आईला डिमेन्शिया होता. शेवटची चार वर्षं ती माझ्याकडे होती. एका रात्री कपडे बदलताना मी तिला चापट मारली. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. ती जाऊन दीड वर्ष झालं. गेल्या आठवड्यात चार रात्री बसून सगळं लिहून काढलं, पहाटे तीन-तीन वाजले. तेव्हापासून धड झोप नाही, ऑफिसात मध्येच रडू येतं. एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी लेख मागितला आहे, मुदत ऑगस्टअखेर. पाठवू का? दादाने वाचलं तर? लेख तयार झाला हे ओळखायचं कसं, आणि मला हे जे झालंय ते कधी उतरेल? लेख सोबत जोडला आहे.

उत्तर: लेख पूर्ण वाचला. या आठवड्यात तो कुणालाच पाठवू नका. संपादकांना नको, मैत्रिणीला नको, घरात कुणाला वाचायलाही देऊ नका. कारण पुढे येईलच, पण आधी झोपेचं बघू. झोप न झालेल्या माणसाला स्वतःचा मजकूर वाचता येत नाही. त्याला प्रत्येक ओळ एक तर थोर वाटते, नाही तर फाडून टाकावीशी वाटते.

लिहून झाल्यावर मोकळं वाटतं, असं आपण सगळे ऐकत आलोय, म्हणून तुम्हाला वाटत असेल की आपलंच काहीतरी बिनसलंय. तसं नाही. जेम्स पेनेबेकर आणि सॅन्ड्रा बीअल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग १९८६ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी कॉलेजच्या मुलांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सगळ्यात क्लेशकारक प्रसंगाविषयी लिहायला सांगितलं. ज्यांनी प्रसंग आणि त्यामागच्या भावना असं दोन्ही लिहिलं, त्यांना लिहून उठल्यावर आधीपेक्षा वाईट वाटत होतं, रक्तदाबही वाढलेला होता. पुढच्या काही महिन्यांत मात्र हीच मुलं कॉलेजच्या दवाखान्यात इतरांपेक्षा कमी वेळा गेली. त्यानंतर असे प्रयोग शेकड्यांनी झाले. सरासरीने फायदा दिसतो, पण तो लहान आहे, आणि सगळ्यांना होतो असंही नाही.

यातली पंधरा मिनिटं लक्षात ठेवा. तुम्ही चार रात्री पहाटे तीनपर्यंत लिहिलंत, म्हणजे मात्रा कितीतरी पटींनी झाली, आणि तीही दिवसभराच्या कामानंतर, घरात सगळे झोपलेले असताना. अशा लिखाणातून उठून माणूस थेट अंथरुणात गेला की प्रसंग त्याच्याबरोबर अंथरुणात येतो. आमच्या कार्यशाळेत घरातल्या आजारपणावर, मृत्यूवर लिहिणाऱ्यांना मी पहिल्याच दिवशी सांगते की हे लिखाण उजेडी करायचं, घड्याळ लावून करायचं आणि उठल्यावर अर्धा तास हाताला काम द्यायचं. काम असं हवं की ज्याला सुरुवात आणि शेवट आहे. भाजी निवडणं चालेल, इस्त्री चालेल. फोन घेऊन बसणं चालणार नाही.

आणखी एक सवय लावून घ्या. उठण्याआधी वहीच्या कोपऱ्यात पुढच्या खेपेसाठी एक कोरडी ओळ लिहायची: 'पुढे आयाबाईंच्या पहिल्या दिवसाचं लिहायचं आहे.' इतकंच. ही ओळ नसेल तर उरलेला प्रसंग डोकं रात्रभर धरून ठेवतं, विसरायला नको म्हणून. तुमच्या बाबतीत आता लिहिणंच थांबवायचं आहे, तेव्हा शेवटची ओळ अशी लिहा: 'इथे थांबले. पुन्हा बघणार १५ ऑगस्टनंतर.' मग फाइल फोनवरून काढा. कॉम्प्युटरवर राहू दे, पण वेगळ्या फोल्डरमध्ये. रात्री दोनला जाग आली की हाताशी मजकूर असतो आणि माणूस पुन्हा त्याच पानावर जातो. झोप बिघडायला तेवढं पुरतं.

मग १५ ऑगस्टपर्यंतच्या या चार आठवड्यांत काय करायचं? लेखाला हात लावायचा नाही, पण एक वेगळं लिखाण करायचं. दिवसा, पंधरा मिनिटं, छापण्यासाठी अजिबात नाही. आईबरोबरच्या एका साध्या दिवसाचं वेळापत्रक लिहा. कितीला उठायची, चहा कशातून प्यायची, गोळ्या कोणत्या डब्यात असायच्या, आयाबाई कितीला यायच्या, तुम्ही ऑफिसला निघताना ती काय करायची. भावना लिहू नका. 'वाईट वाटायचं' हेसुद्धा नको.

यालाही आधार आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नुकत्याच विभक्त झालेल्या लोकांपैकी काहींना मनातलं सगळं लिहायला सांगितलं होतं आणि काहींना दिवस कसा घालवता एवढंच, भावनांविना. जे आधीच 'हे का झालं, याचा अर्थ काय' या प्रश्नांभोवती घिरट्या घालत होते, त्यांना मनातलं खणून काढण्याचा उपयोग झाला नाही, उलट ते मागेच राहिले. त्यांच्यासाठी साधं दिनक्रम लिहिणंच बरं ठरलं. तुमच्या लेखात 'का' हा शब्द पानापानावर आहे. म्हणून तुम्हाला सध्या आणखी खोल जायला सांगणार नाही.

या वेळापत्रकाचा लेखालाही उपयोग आहे. तुमच्या लेखात चापटीची ती रात्र दीड पान आहे आणि चार वर्षांची शुश्रूषा दोन परिच्छेदांत उरकली आहे. त्यामुळे वाचणाऱ्याला वाटतं की या घरात हे एवढंच घडलं. तुम्हालाही तसंच वाटायला लागलंय, असं तुमच्या पत्रावरून दिसतं. साधे दिवस कागदावर आले की ती रात्र चार वर्षांच्या आत जाऊन बसेल. ती लहान होणार नाही, पण तिच्या आजूबाजूला काय होतं ते दिसू लागेल.

आता 'कधी उतरेल'. माझ्या पाहण्यात लिखाणानंतरची ही मरगळ बहुतेकांची एक-दोन दिवसांत ओसरते, दिवसभर जड जातं आणि मग सुटते. तुमचा आठवडा झालाय, पण तुम्ही रोज रात्री लेख उघडत असणार, असा माझा अंदाज आहे. ते थांबल्यावर काय होतं ते पाहा. दोन आठवड्यांनीही झोप लागत नसेल, जेवण तुटलं असेल, ऑफिसात काम होत नसेल, किंवा ती रात्र तुम्ही आठवत नसतानाही डोळ्यांसमोर उभी राहत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. त्यांना सांगा की लिहिल्यानंतर हे सुरू झालं, हा दुवा त्यांच्या कामाचा असतो. आणि आपण असून काय उपयोग, जगायला नको, असं एकदाही मनात आलं, तर दोन आठवडे थांबायचं नाही. सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास मोफत आहे, मराठीतून बोलता येतं. तशी वेळ आली तर लेखाचा विषय तिथेच बाजूला ठेवा. मुदत चुकवलेले लेखक संपादकाला नवे नसतात.

समजा, १५ ऑगस्ट उजाडला आणि झोप जागेवर आली. आता लेखाकडे.

लेखाची प्रिंट काढा. अक्षर नेहमीपेक्षा मोठं, ओळींत अंतर दुप्पट, कागदाच्या एकाच बाजूला. स्क्रीनवर वाचू नका, तिथे बोटं लगेच दुरुस्त्या करायला लागतात. सकाळी, घरात एकट्या असताना, हातात पेन्सिल घेऊन मोठ्याने वाचा. दोनच खुणा करायच्या. जिथे वाचताना आवाजाची गती वाढली तिथे उभी रेघ, आणि जिथे तुम्ही वाचकाला काही समजावून सांगत आहात तिथे फुली. रडू आलं तर येऊ द्या, त्याची खूण करू नका. आईविषयी वाचताना दहा वर्षांनीही रडू येऊ शकतं, त्यावरून लेख कच्चा की पिकलेला हे कळत नाही. गती वाढते ती जागा मात्र सांगते. तिथून तुम्हाला लवकर निघायचं असतं, आणि बहुतेक वेळा लिहितानाही तुम्ही तिथून तशाच निघालेल्या असता.

तुमच्या लेखात अशी जागा कुठे असेल, याचा मला अंदाज आहे. पान पाचवरचा हा परिच्छेद:

> मी राक्षसीण आहे. ज्या हातांनी तिने मला भरवलं त्या हातांची मी हीच परतफेड केली. अशा मुलीला क्षमा नसते. देवा, कुठल्याच आईला अशी मुलगी देऊ नकोस. दादाला यातलं काही बघावं लागलं नाही, तो फक्त पैसे पाठवायचा. त्या रात्री मी तिला चापट मारली आणि ती हसली. तिला खेळ वाटला असावा. मी किती नीच आहे हे तेव्हा मला कळलं.

आठ वाक्यं आहेत. त्यांतली सहा निकालपत्र आणि तक्रार आहेत. प्रसंग एकाच वाक्यात आहे, 'चापट मारली आणि ती हसली', आणि ते इतरांच्या गर्दीत मधे दडपलंय. या लेखात मला ज्या जागी थांबावंसं वाटलं ती हीच, आणि तिथे तुम्ही मला थांबू दिलं नाहीत.

निकाल तुम्ही आधीच सुनावलात की वाचकाला दोनच गोष्टी उरतात. एक तर 'हो, नीच आहेस' म्हणायचं, नाही तर 'छे हो, असं नका म्हणू, तुम्ही किती केलंत' म्हणायचं. सज्जन वाचक दुसरं म्हणणार. म्हणजे लेख वाचता वाचता तो तुमची समजूत काढायला लागतो. घरच्या माणसाने, जवळच्या मैत्रिणीने, समुपदेशकाने हे काम जरूर करावं. अंक विकत घेतलेल्या अनोळखी माणसाकडून ते मागायचं नसतं. लेख तयार नाही, याची मला पटणारी खूण ही: तो वाचकाकडे काहीतरी मागत असतो. क्षमा, शाबासकी, किंवा दादाविरुद्ध साक्ष.

आता हाच परिच्छेद मी तुमच्याच लेखातल्या तपशिलांतून पुन्हा जुळवला आहे. गाउन आणि बटणं पान दोनवर आहेत, वेळ पान चारवर. माझ्या पदरचं काही घातलेलं नाही:

> रात्रीचे अडीच वाजले होते. तिसऱ्यांदा गाउन बदलत होते. मी वरचं बटण लावलं की ती खालचं काढायची. मी तिला चापट मारली. ती हसली. मग मी उरलेली बटणं लावली.

'तिला खेळ वाटला असावा' हे वाक्य मी काढलं. वाक्य चांगलं आहे, म्हणूनच मुद्दाम काढलं. ती का हसली हे तुम्हाला माहीत नाही, आणि ते माहीत नसणं हाच या प्रसंगाचा काच आहे. 'खेळ वाटला असावा' म्हटलं की तो काच सैल होतो.

हे वाचताना तुमच्या मनात पहिलं काय आलं, ते नीट बघा. मला त्याच्याशीच कर्तव्य आहे. 'यात माझा अपराध झाकला गेला, राक्षसीण हा शब्द हवाच' असं आलं, तर तुम्ही अजून लेखात स्वतःला शिक्षा देत आहात आणि तो शब्द कापला की शिक्षेतून पळाल्यासारखं वाटतंय. तसं असेल तर लेख थांबू द्या. पण 'नाही नाही, वरचं नव्हे, मधलं बटण होतं, आणि दिवा बंद होता' असं आलं, तर तुम्ही त्या रात्रीकडे लेखिकेच्या नजरेने बघायला लागलात. तपशील चुकला म्हणून चिडणारी लेखिका आपलं लिखाण दुसऱ्याच्या हातात द्यायला तयार असते. मी गळलेल्या लेखकांपेक्षा चिडलेल्या लेखकांवर जास्त भरवसा ठेवते, आणि त्यात संपादक म्हणून माझी सोयही आहे, हे कबूल.

ही कसोटी पूर्ण लेखाला लावता येते. तुम्हाला आवडलेली, बरी उतरलेली एक ओळ निवडा आणि ती काढून लेख वाचा. 'लेख लंगडा झाला, ही परत हवी' किंवा 'हिच्याशिवाय चालतंय', असं काहीही उत्तर आलं तरी ठीक, कारण दोन्ही उत्तरं लेखाविषयी आहेत. 'ही काढली तर मी जे भोगलं त्याला काही किंमतच नाही', असं उत्तर आलं तर ते लेखाविषयी नाही. अशा वेळी महिनाभर कपाट बरं.

ही परीक्षा पार पडली की पहिला वाचक. दादा नको, तो लेखात आहे. आईला ओळखणारं कुणीही नको, ते आपल्या आठवणीतून मोकळ्या जागा भरून वाचतील आणि तुम्हाला कळणारच नाही की पानावर काय कमी आहे. जिवलग मैत्रीणही नको. ती दुसऱ्याच परिच्छेदाला फोन करेल आणि लेखाऐवजी तुमची विचारपूस सुरू होईल. बऱ्यापैकी वाचणारं, तुमच्याशी मोकळेपणाने असहमत होऊ शकणारं, पण रोजच्या ऊठबशीतलं नसलेलं एक माणूस शोधा. एकच. देताना स्पष्ट सांगा: 'यातलं सगळं घडलेलं आहे, मी आता बरी आहे, मला लिखाणाविषयी ऐकायचं आहे.' हे वाक्य म्हणता येत नसेल, विशेषतः मधला तुकडा, तर देऊ नका.

'कसं वाटलं?' असं मात्र विचारू नका. या प्रश्नाला मराठीत 'डोळ्यांत पाणी आलं' हेच उत्तर ठरलेलं आहे, आणि त्यातून काहीच कळत नाही. आईवरच्या कुठल्याही लेखाने डोळ्यांत पाणी येतं, कित्येकदा वाचणाऱ्याच्या स्वतःच्या आईसाठी. त्यापेक्षा विचारा: कुठे वाचताना गोंधळलात? कुठे कागद खाली ठेवावासा वाटला? या दादाविषयी तुमचं काय मत झालं? आणि त्या रात्री नेमकं काय घडलं, ते मला तुमच्या शब्दांत सांगा. शेवटचा प्रश्न सगळ्यात उपयोगी. तो वाचक चापटीच्या आधीचं आणि नंतरचं सांगू शकला तर प्रसंग पानावर उतरलाय. 'तुम्ही खूप खचला होतात ना' एवढंच म्हणाला, तर पानावर अजून तुम्हीच आहात, आई नाही.

ऐकताना उत्तरं देऊ नका, लिहून घ्या. समजा तो म्हणाला की पान तीनवरचा आयाबाईंचा भाग लांबलाय. (लांबलाच आहे.) 'त्यांना काय कळणार आम्ही काय काढलं' असं मनात उसळलं, तर ते एक दिवस तसंच राहू द्या. दुसऱ्या दिवशीही तसंच उसळत असेल, तर लेख अजून तुमच्या अंगावर आहे. दुसऱ्या दिवशी 'लांबलाय, पण आयाबाईंचं गाणं ठेवते' असं वाटलं, तर काम सुरू झालं.

आता आई आणि दादा. आईला विचारता येत नाही, म्हणून तिच्या बाजूने तुम्हालाच वाचावं लागेल. लेखात तिच्या शरीराचे तपशील बरेच आहेत. डायपर, जखमा, वास. सगळे काढा असं मी म्हणणार नाही, डिमेन्शियाचं घर त्याशिवाय खरं वाटत नाही. पण प्रत्येकापाशी थांबून बघा, हा तपशील तुम्हा दोघींमध्ये काय घडलं ते सांगतो, की परिस्थिती किती भयंकर होती याचा पुरावा म्हणून आणलाय? गाउनची बटणं पहिल्या प्रकारची. पान सहावरची पाठीच्या जखमेची सहा वाक्यं मला दुसऱ्या प्रकारची वाटली, एक वाक्य पुरे.

'तो फक्त पैसे पाठवायचा' या ओळीत दादाला उत्तर द्यायला जागाच नाही. त्याच्यावर राग असेल तर राग लिहा, पण त्यासाठी त्याला लेखात आणावं लागेल. एक फोन लिहा, त्याचं खरंखुरं बोलणं लिहा. कदाचित लिहिताना लक्षात येईल की तो दर वेळी काहीतरी विचारायचा आणि तुम्ही 'सगळं ठीक' म्हणायचात. किंवा नाही येणार, तो खरंच फक्त पैसे पाठवत असेल. दोन्ही चालेल, पण वाचकाला फोन ऐकू आला पाहिजे. तुम्हाला ते जमणार नसेल तर ती ओळ पूर्ण काढा. अशा अर्धवट टोमण्यांमुळे घरं जास्त दुखावतात. नाव बदलून काही साधत नाही, नातेवाईक पहिल्या पानावर ओळखतात.

कायद्याचंही विचारतात लोक, म्हणून थोडक्यात. १ जुलै २०२४ पासून बदनामीची तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे, आणि जवळच्यांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने गेलेल्या माणसाविषयी केलेला आरोपही तीत येऊ शकतो. तुमच्या लेखात तसं काही मला दिसलं नाही. तुमचा प्रश्न कोर्टाचा नाही, भाऊबीजेचा आहे.

दिवाळी अंक हातात येतो तो ऐन दिवाळीत किंवा त्याच्या थोडं आधी. म्हणजे तुम्ही दादाला ओवाळाल तेव्हा तो लेख वाचून आलेला असेल, किंवा वहिनीने वाचलेला असेल आणि त्याने नसेल, आणि हे जास्त अवघड. म्हणून लेख पाठवायचं ठरलंच तर पाठवण्याआधी दादाला समोर बसवून वाचायला द्या. फोनवर नको, व्हॉट्सॲपवर तर नकोच. परवानगी मागू नका. 'मी हे छापायला देतेय, त्याआधी तू वाचावंस असं वाटलं,' एवढंच म्हणा. त्याने एखादी गोष्ट चुकीची आहे म्हटलं आणि ती खरंच चुकीची असेल तर दुरुस्त करा. त्याने रागाने कागद ठेवून दिला, तर तो राग लेख छापून आल्यावर येणार होता तो आधी आला, इतकंच. त्या रागापुढे तुमची झोप पुन्हा उडाली, तर मात्र यंदा राहू द्या.

छापील अंकाचं गणितही माहीत असू द्या. लेख गेला की तो टाइप होतो, चित्र काढायला जातो, पान लागतं, मग प्रूफ येतं. प्रूफ तुमच्याकडे येईपर्यंत लेख मागे घेता येतो. संपादक कुरकुरतील, पण देतील. पान छापायला गेलं की संपलं, आणि दिवाळी अंक पुढे कित्येक वर्षं वाचनालयांत फिरतात. म्हणून पाठवताना संपादकांना लिहून ठेवा की प्रूफ स्वतः पाहिल्याशिवाय लेख जाऊ नये. तेवढा एक दरवाजा हाताशी असला की पाठवतानाची धास्ती कमी होते.

आणखी एक गोष्ट नवख्या लेखकांना कुणी सांगत नाही. पुष्कळ अंकांत लेखाखाली लेखकाचा मोबाइल नंबर छापतात, आणि लोक खरंच फोन करतात. ऐन फराळाच्या दिवसांत अनोळखी बाई फोन करून तिच्या सासूचं सांगेल, तासभर, रडत. एखादे गृहस्थ 'आईवर हात उचलता आणि वर लिहिता' म्हणतील. दोन्ही प्रकारचे फोन येणार हे धरून चला. ते घ्यायची ताकद यंदा नसेल तर नंबर न देता फक्त ई-मेल छापायला सांगा. संपादक ऐकतात.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात ठरवायचंय, आज नाही. नाही म्हणायचं ठरलं तर लांबलचक खुलासा लिहू नका, त्यात पुन्हा सगळं वर येतं. 'लेखावर अजून काम बाकी आहे, यंदा देता येणार नाही, पुढच्या वर्षी आधी दाखवीन,' एवढं लिहिलंत की संपादकांना पुरेल. आणि नकार त्याआधीच पक्का झाला तर लगेच कळवा, कारण तुमच्यासाठी राखलेली आठ पानं त्यांना दुसऱ्या कुणाला तरी द्यायची असतात.